48 मेगापिक्सेलचा फोन, 12 मेगापिक्सेलचे फोटो: मोडी कागदांच्या निमित्ताने पडलेला प्रश्न

पांथस्थ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

गावच्या घरी माळ्यावरच्या ट्रंकेत पणजोबांच्या वेळचे मोडी कागद सापडले. साठ-पासष्ट असतील. काही कसरीने खाल्लेत, काहींची शाई तपकिरी होऊन फिकटली आहे. मोडी वाचणारे एक गृहस्थ ओळखीतून मिळाले. ते म्हणाले, "मूळ कागद पोस्टाने पाठवू नका, फोटो पाठवा. पण अक्षर मोठं करून पाहिल्यावर फुटायला नको."

माझ्या फोनच्या पाठीवर 48MP असं छापलेलं आहे, त्यामुळे निर्धास्त होतो. दहा-बारा कागदांचे फोटो काढून कॉम्प्युटरवर घेतले, तर प्रत्येक फोटो 4000 × 3000. गुणाकार करून पाहिला, 1 कोटी 20 लाख. म्हणजे 12 मेगापिक्सेल! कॅमेऱ्याच्या मेन्यूत शोधल्यावर '48M' नावाचा वेगळा मोड सापडला. त्यात मात्र 8000 × 6000 चा फोटो येतो.

म्हणजे फोनला 48 चा फोटो काढता येतो, पण आपण होऊन तो काढत नाही. असं का? आणि माझ्या कागदांसाठी कुठला मोड वापरू? सगळे कागद पुन्हा उलगडायचे झाले तर ते एकदाच उलगडायचे आहेत, घड्यांवर फाटताहेत.

---

सदाफुली

हे व्हॉट्सॅपमुळे होतं. पाठवताना ते फोटो लहान करून टाकतं. माझ्या बहिणीच्या लग्नाचे सगळे फोटो असेच वाया गेले, अल्बम करायला गेलो तर स्टुडिओवाल्याने परत पाठवले. फोटो म्हणून न पाठवता 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, मूळ आकारात जातो.

---

पांथस्थ

सदाफुली, धन्यवाद. मोडी वाचणाऱ्या गुरुजींना पाठवताना हे लक्षात ठेवीन. पण मी फोटो केबल लावून थेट फोनमधून घेतले आहेत, मध्ये व्हॉट्सॅप नाही. फोनच 4000 × 3000 चा फोटो साठवतोय.

---

यंत्रविशारद

याला पिक्सेल बिनिंग म्हणतात. फार काही गूढ नाही. सेन्सरवर खरोखरच 48 मेगापिक्सेल असतात, फोन शेजारच्या चार-चार पिक्सेलची सरासरी काढून एक करतो. 48 भागिले 4, बरोबर 12. फाईल लहान होते, जागा वाचते आणि फोटोतले दाणे कमी दिसतात.

पण हे काम घरी कॉम्प्युटरवरही होतं. इमेजमॅजिक हा प्रोग्राम टाकलेला असेल तर एक ओळ पुरे:

```
magick motha.jpg -scale 50% lahan.jpg
```

त्यामुळे माझा सल्ला सरळ आहे. कायम 48 वर ठेवा. लहान नंतर कधीही करता येतो, मोठा करता येत नाही. 12 वर ठेवणं म्हणजे हातातली माहिती टाकून देणं.

---

अनामिका_पुणे

मी कॅमेरा ट्यूनिंगच्या कामात आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. यंत्रविशारद यांचं चारचं एक होण्याचं म्हणणं बरोबर आहे. "कायम 48 वर ठेवा" हे मात्र पटत नाही, कारण सेन्सरवरचे ते 48 मेगापिक्सेल आपण समजतो तसे मांडलेले नसतात.

सेन्सरच्या पिक्सेलला रंग कळत नाही. किती प्रकाश पडला एवढंच कळतं. म्हणून प्रत्येक पिक्सेलवर लाल, हिरवी किंवा निळी काच बसवलेली असते. ही मांडणी कोडॅकच्या ब्राइस बेयर यांची, 1976 चं पेटंट. गेली कित्येक वर्षं बहुतेक सगळे कॅमेरे तीच वापरतात. 48 मेगापिक्सेलच्या फोनमध्ये ती थोडी बदलते. बदल डोळ्यांनी पाहिला की पुढचं सगळं सोपं आहे:

```
साधी बेयर मांडणी      क्वाड बेयर मांडणी

हि  ला  हि  ला        हि  हि  ला  ला
नि  हि  नि  हि        हि  हि  ला  ला
हि  ला  हि  ला        नि  नि  हि  हि
नि  हि  नि  हि        नि  नि  हि  हि
```

उजवीकडे एका रंगाचे चार-चार पिक्सेल एका चौकोनात बसलेत. चौघांना मिळून एक पिक्सेल धरा, की पुन्हा डावीकडचीच साधी मांडणी तयार होते, फक्त पिक्सेल दुप्पट रुंद. म्हणजे हा सेन्सर जन्मतःच 12 मेगापिक्सेलचा रंगीत फोटो काढायला सोयीचा आहे. 12 चा मोड ही त्याची सहज स्थिती, 48 साठी त्याला जादा खटपट करावी लागते.

पांथस्थ, तुमच्या फोनमधला सेन्सर नेमका कुठला ते मला माहीत नाही, पण 8000 × 6000 म्हणताय तर सोनीचा आयएमएक्स 586 धरून बोलू. हा 2018 च्या जुलैत जाहीर झाला आणि 2019 मध्ये भारतातल्या पुष्कळ फोनमध्ये आला, रेडमी नोट 7 प्रो हा त्यातला सगळ्यांच्या परिचयाचा. त्याचा एक पिक्सेल 0.8 मायक्रॉनचा. चार मिळून 1.6 मायक्रॉनचा एक.

आता 48 ची खटपट. साध्या मांडणीत हिरव्याच्या शेजारीच लाल आणि निळा असतो, त्यामुळे 'इथे लाल किती असेल' हा अंदाज अगदी जवळच्या पिक्सेलवरून बांधता येतो. उजवीकडे एका लाल चौकोनापासून पुढच्या लाल चौकोनापर्यंत मध्ये दोन पिक्सेलची रिकामी जागा आहे. फोन तिथले रंग अंदाजाने भरतो आणि सगळी मांडणी डावीकडच्यासारखी करून घेतो. याला रिमोझेक म्हणतात. भरपूर उजेड आणि साधा विषय असेल तर अंदाज छान जमतो. बारीक जाळी, केस, विणलेलं कापड आलं की चुकतो.

---

दत्ताकाका

वाचतोय. एक जुनी आठवण. माझ्याकडे नोकियाचा 808 प्युअरव्ह्यू होता, 2012 चा. 41 मेगापिक्सेल! तोही आपण होऊन 5 मेगापिक्सेलचाच फोटो साठवायचा. तेव्हाही लोक असंच विचारायचे. त्याचे 5 चे फोटो आजही माझ्या भिंतीवर आहेत, नातवंडांना सांगूनही खरं वाटत नाही की ते फोनने काढलेत. म्हणजे हे बिनिंग तेव्हापासूनचंच ना?

---

अनामिका_पुणे

काका, हेतू तोच, रस्ता वेगळा. 808 मध्ये मांडणी साधी बेयरच होती आणि पिक्सेल 1.4 मायक्रॉनचे, म्हणजे आजच्या मानाने ऐसपैस. पूर्ण 41 चा डेटा वाचून, मग आत हिशोब करून 5 चा फोटो बनायचा. यंत्रविशारद सांगताहेत ती पद्धत तिथे अगदी लागू पडते. क्वाड बेयरमध्ये एकत्र करण्याचं काम सेन्सरच्या आतच होऊ शकतं, रंग भरण्याच्या आधी. फोनमध्ये ही मांडणी लोकांच्या नजरेत भरली ती 2018 च्या हुआवे पी20 प्रो पासून. तो 40 चा होता आणि आपण होऊन 10 चा फोटो द्यायचा.

---

यंत्रविशारद

रिमोझेकचा मुद्दा मान्य, तो माझ्या लक्षात नव्हता. पण दाण्यांच्या बाबतीत माझं म्हणणं अजून तेच आहे. चार पिक्सेलची बेरीज सेन्सरने केली काय किंवा मी कॉम्प्युटरवर केली काय, प्रकाश तेवढाच पडलाय. बेरीज ती बेरीज. 48 चा फोटो शंभर टक्क्यांवर उघडायचा, 12 चाही शंभर टक्क्यांवर उघडायचा आणि म्हणायचं 48 मध्ये दाणे जास्त, ही तुलनाच चूक आहे. दोन्ही एका आकारात आणून बघा.

---

अनामिका_पुणे

तुलना एका आकारात करायची हे शंभर टक्के खरं. यूट्यूबवरच्या निम्म्या तुलना याच चुकीमुळे निकामी ठरतात.

"बेरीज ती बेरीज" हे उन्हात खरं आहे, अंधारात नाही. का ते किराणा दुकानातल्या तराजूवरून सांगते. समजा तराजू दर वेळी दोन ग्रॅम इकडे-तिकडे दाखवतो. तुमच्याकडे तांदळाचे चार लहान ढीग आहेत. प्रत्येक ढीग वेगळा तोलून आकडे मिळवले तर तराजूची चूक चार वेळा आत शिरते. चारही ढीग एकत्र ओतून एकदाच तोलले तर चूक एकदाच. तांदूळ तेवढाच, तराजूही तोच.

पिक्सेलमध्ये साठलेला विद्युतभार मोजतानाही अशीच ठरावीक चूक होते. ती दोन इलेक्ट्रॉनची धरू. आकडा समजायला सोपा म्हणून घेतलाय, कुठल्या विशिष्ट सेन्सरचा नाही. शिवाय प्रकाश स्वतःच पावसासारखा थेंबाथेंबाने पडतो. शंभर थेंब अपेक्षित असतील तर कधी 90 कधी 110, म्हणजे वर्गमुळाइतका चढउतार धरायचा.

अंधाऱ्या खोलीत एका लहान पिक्सेलमध्ये जेमतेम 4 इलेक्ट्रॉन जमले. चार पिक्सेल वेगळे मोजून कॉम्प्युटरवर बेरीज केली तर 16 मागे चूक साधारण 5.7. चारांचा भार सेन्सरमध्येच एकत्र करून एकदा मोजला तर 16 मागे चूक साधारण 4.5. फोटोत हा फरक दिसतो, विशेषतः सावलीच्या भागात.

आता भर उन्हात प्रत्येकात 1000 जमले. वेगळे मोजले तर 4000 मागे चूक 63.4, एकत्र मोजले तर 63.3. फरक संपला. मोजण्याची चूक तीच आहे, पण प्रकाशाचा स्वतःचा चढउतार एवढा मोठा झाला की ती त्यात बुडून गेली.

म्हणून खिडकीजवळच्या कागदासाठी तुमचं म्हणणं लागू आहे आणि गाभाऱ्यातल्या मूर्तीसाठी नाही.

---

आकाशदर्शी

मी हौशी खगोल-छायाचित्रण करतो, म्हणून या शेवटच्या मुद्द्यावर थांबलो. आमच्या जुन्या सीसीडी कॅमेऱ्यांत बिनिंग खरंच भाराचं व्हायचं. चार पिक्सेलचा भार एका जागी ढकलायचा आणि एकदाच मोजायचा, ताईंच्या तराजूसारखं. पुढे सीमॉस सेन्सर आले तेव्हा आम्हाला कळलं की त्यांतल्या बहुतेकांत बिनिंग म्हणजे आधी चारही मोजायचे आणि मग आकड्यांची बेरीज करायची. मेन्यूत 'बिन 2x2' लिहिलेलं असूनही मोजण्याच्या चुकीत काही बचत नाही. फोनचे सेन्सरही सीमॉसच आहेत. मग तिथे भार खरंच एकत्र होतो हे कशावरून?

---

अनामिका_पुणे

फार चांगला प्रश्न. तुमच्या दुर्बिणीच्या रंगीत कॅमेऱ्यात साधी बेयर मांडणी असते, शेजारचे पिक्सेल वेगळ्या रंगांचे. त्यांचा भार एकत्र केला तर रंगच मिसळतील. क्वाड बेयरमध्ये शेजारचे चौघे एका रंगाचे. शिवाय लहान पिक्सेलच्या सेन्सरमध्ये जागा वाचवायला शेजारचे पिक्सेल भार मोजण्याची एकच जागा वाटून घेतात, चार घरांना एक विहीर तशी. मग चारही पिक्सेलचा भार त्या एका जागी सोडून एकदाच मोजणं शक्य होतं.

पण शक्य असणं वेगळं आणि प्रत्येक फोनमध्ये प्रत्येक वेळी तसंच होणं वेगळं. त्या सामाईक जागेत भार मावायलाही हवा. प्रखर उजेडात चारांचा मिळून भार जास्त होतो, तेव्हा काही सेन्सर वेगळ्या पद्धतीने वाचतात. थोडा भाग भारात, थोडा आकड्यांत असंही असतं. सेन्सर कंपन्या हे सगळं उघड करत नाहीत.

---

आकाशदर्शी

म्हणजे माझ्या फोनमध्ये काय होतं ते मला बाहेरून कळणार नाही. आम्ही झाकण लावून काळ्या फ्रेम घेऊन मोजतो, तसं फोनवर करायला रॉ फाईल हवी, सेन्सरचे आकडे जसेच्या तसे ठेवणारी.

---

अनामिका_पुणे

आणि तिथेच अडतं. पुष्कळ फोन प्रो मोडमधली रॉ फाईलही 12 चीच देतात. ज्यात दोन्ही आकारांची रॉ मिळते अशा फोनवर तुमची काळ्या फ्रेमची युक्ती चालेल. कोणी केली तर इथे जरूर टाका.

---

खणचोळी

माझा अनुभव सांगते. मी खणाच्या साड्या आणि कापड ऑनलाइन विकते. गिऱ्हाईक मोठं करून वीण बघतं, म्हणून मी 48 चा मोड लावला. तर गर्द जांभळ्या खणावर बारीक हिरव्या-गुलाबी रेघा उमटल्या, ज्या कापडात नाहीतच! एका बाईंनी 'फोटोत दुरंगी होतं, आलं एकरंगी' म्हणून साडी परत केली. 12 च्या मोडमध्ये तो त्रास बराच कमी झाला. हेच का ते रिमोझेक?

---

अनामिका_पुणे

बहुतेक तेच, पण खात्री करायची एक सोपी रीत आहे. फोन चार बोटं मागे घ्या आणि पुन्हा फोटो काढा. रेघा धाग्याला चिकटून राहिल्या, कडेकडेने रंगीत दाणे किंवा चक्रव्यूहासारखी बारीक नक्षी दिसली, तर रंग भरताना चुकलंय. रेघा रुंद पट्ट्यांच्या असतील आणि फोन हलवल्यावर त्यांची रुंदी किंवा दिशा बदलत असेल, तर तो मोआरे, म्हणजे वीण आणि पिक्सेलच्या जाळ्यांची गाठ. मच्छरदाणीचे दोन थर एकमेकांवर आले की जशी लाटांची नक्षी दिसते तसा. तो 12 मध्येही येऊ शकतो, तेव्हा मोड बदलून उपयोग नाही, अंतर बदलायला हवं.

---

खणचोळी

आत्ता करून बघितलं. धाग्याच्या कडेलाच चिकटून आहेत, हलत नाहीत. 12 वरच ठेवते आणि विणीचा एक वेगळा फोटो जवळून काढते.

---

दत्ताकाका

मग मला एक सांगा. शेवटी 12 च करायचे आहेत, तर सरळ मोठ्या पिक्सेलचा 12 मेगापिक्सेलचा सेन्सर का नाही बनवत? 48 हा आकडा डब्यावर छापायला बरा म्हणून?

---

यंत्रविशारद

काका, हेच माझंही मत आहे. त्याच क्षेत्रफळावर 1.6 मायक्रॉनचे 12 मेगापिक्सेल बसवले असते तर दोन पिक्सेलमधल्या भिंतींत जाणारी जागाही वाचली असती. अंधारात तो सेन्सर थोडा सरसच ठरला असता.

---

अनामिका_पुणे

अंधारापुरतं म्हणाल तर मी विरोध करणार नाही. त्याच आकाराचा खरा 12 चा सेन्सर बरोबरीचा किंवा थोडा वर असेल. जाहिरातीचा भागही नाकारत नाही. पण 48 चा एक खरा उपयोग आहे तो झूमचा. 2x दाबलं की पुष्कळ फोन 48 पैकी फक्त मधला 4000 × 3000 चा तुकडा घेतात. आयफोन 14 प्रो मध्ये, 2022 साली, 2x असाच दिला. खरा 12 चा सेन्सर असता तर त्याच झूमला 3 मेगापिक्सेल उरले असते. उजेड चांगला असेल तर हा तुकडा वेगळ्या लेन्सची बरीचशी कसर भरून काढतो.

आणि 12 हा काही दगडावरचा आकडा नाही. आयफोन 15 पासून आपण होऊन येणारा फोटो 24 मेगापिक्सेलचा झाला. 12 च्या फोटोतला स्वच्छपणा आणि 48 मधला बारकावा एकत्र करून तो बनवतात. सॅमसंगच्या 200 मेगापिक्सेलच्या सेन्सरमध्ये एका रंगाचे सोळा पिक्सेल एकत्र असतात, म्हणून तिथे 12.5 चा फोटो येतो, मधली पायरी 50 ची.

आता जे कोणी विचारलं नाही पण सगळ्यात महत्त्वाचं आहे ते. हल्लीचा फोन एका क्लिकला एक फोटो घेत नाही, मागोमाग कित्येक घेतो आणि एकावर एक जुळवतो. 10 बिटांची 48 ची एक कच्ची फ्रेम 60 एमबी भरते, 12 ची 15 एमबी. आठ फ्रेम धरल्या तर 480 विरुद्ध 120. एवढा डेटा सेन्सरमधून वाचायचा, जुळवायचा, आणि तोवर पुढचा फोटो घ्यायला तयारही राहायचं. म्हणून पुष्कळ फोन 48 च्या मोडमध्ये कमी फ्रेम घेतात, कधी एकच. खिडकीबाहेरचं आभाळ पांढरंफटक आणि खोली काळी दिसते ती यामुळे. लोक त्याचा दोष पिक्सेलच्या आकाराला देतात, पण खरं कारण बऱ्याचदा हे असतं.

---

पांथस्थ

एवढं सगळं वाचून काल दुपारी आणि संध्याकाळी प्रयोग केला. एकच कागद, 33 सेंटिमीटर लांब, 20 रुंद. फोन स्टीलच्या उभ्या डब्यांवर आडवा ठेवला, हात लागू नये म्हणून टायमर लावला. प्रत्येक वेळी दोन्ही मोडमध्ये फोटो काढला.

दुपारी खिडकीशी 48 चा फोटो खरोखर जास्त बोलका आला. एका ओळीत 'श्री' नंतर दोन बारीक उभ्या रेघा आहेत, त्या 12 मध्ये एक जाड रेघ वाटत होत्या, 48 मध्ये सुट्या दिसल्या. पण चौपट स्पष्ट म्हणावं असं काही नाही. दीडपट म्हणेन.

संध्याकाळी पिवळ्या बल्बखाली उलटं झालं. 48 च्या फोटोत कागदाचा पोत पुसून मेणासारखा झाला, फिकट शाईच्या कडा तुटल्या. यंत्रविशारद यांच्या सांगण्याप्रमाणे तो 50 टक्क्यांवर आणूनही पाहिला. दाणे कमी झाले, पण तुटलेल्या कडा परत आल्या नाहीत. 12 चा फोटो त्याहून चांगला होता.

---

अनामिका_पुणे

फार नीट प्रयोग केलात. मेणासारखं दिसतं ते फोनने दाणे घासून काढल्यामुळे. घासताना शाईही घासली जाते, आणि जेपीईजी झाल्यावर ती लहान करून परत येत नाही. फरकात फ्रेम जुळवण्याचाही वाटा आहे, तेव्हा सगळं श्रेय बिनिंगला देऊ नका.

दीडपट का, याचं उत्तर लेन्समध्ये आहे. एफ 1.8 ची निर्दोष लेन्ससुद्धा प्रकाशाचा बिंदू अडीच मायक्रॉनच्या आसपासच्या ठिपक्यात पसरवते. 0.8 मायक्रॉनचे तीन पिक्सेल त्या एका ठिपक्यात बसतात. पिक्सेल कितीही बारीक केले तरी लेन्सने दिलेला ठिपका तेवढाच.

आता तुमच्या कामाचा हिशोब. अख्खा कागद एका फोटोत बसवला तर 12 च्या मोडमध्ये एका मिलिमीटरला 12 पिक्सेल येतात. दशांश मिलिमीटरची बारीक रेघ सव्वा पिक्सेलची होते, म्हणूनच तुमच्या दोन रेघा एक झाल्या. 48 मध्ये मिलिमीटरला 24, पण लेन्समुळे ते पूर्ण पदरात पडत नाहीत. त्याऐवजी कागद दोन भागांत घ्या, मध्ये दोन ओळी दोन्ही फोटोंत येतील असं बघा. जवळ गेल्यामुळे 12 च्याच मोडमध्ये मिलिमीटरला 17 च्या आसपास मिळतील आणि ते खरे असतील, अंदाजाने भरलेले नाहीत.

---

पांथस्थ

आज सकाळी करून पाहिलं. पहिले चार फोटो वाया गेले, 12 च्या मोडमध्ये असूनही कडा मऊ आल्या. कारण शोधायला फोटोतल्या नोंदी वाचणारं एक्झिफटूल चालवलं:

```
exiftool -ImageSize -ISO -ExposureTime -FocalLength *.jpg
```

फोकल लेंग्थचा आकडा आधीच्या फोटोंपेक्षा वेगळा! जवळ गेल्यावर फोनने मला न सांगता दुसरी लेन्स लावली होती. मॅक्रोचं आपोआप बंद केलं आणि फोन एक डबा वर चढवला. मग मात्र 'श्री' नंतरच्या दोन रेघा 12 च्या मोडमध्ये सुट्या दिसल्या, आणि शाईच्या कडाही शाबूत.

---

यंत्रविशारद

दोन भागांत 48 चा मोड लावून पाहिलात का? खिडकीशी उजेड आहे, दोन्हीचा फायदा मिळेल. माझी 'कायम 48' ही भूमिका मी मागे घेतो, पण इथे तो मोड अगदी योग्य आहे असं मला अजूनही वाटतं.

---

पांथस्थ

पाहिला. फारच फिकट शाईच्या तीन कागदांत थोडा फायदा वाटतो, बाकीच्यांत मला फरक सांगता येत नाही. घरात दोघांना न सांगता दाखवले, दोघांची मतं वेगळी. तेव्हा ते तीन कागद दोन्ही मोडमध्ये काढले, उरलेले 12 मध्ये. आयएसओ शंभराच्या आसपास राहील तेवढ्याच वेळात, सकाळी दहा ते बारा, काम करतोय. आतापर्यंत 19 कागद झाले.

गुरुजींना पहिले सहा डॉक्युमेंट म्हणून पाठवले, सदाफुली यांच्या सांगण्याप्रमाणे. त्यांचा निरोप आला: सहापैकी पाच वाचले, विहिरीच्या पाळीपाण्याचा करार आहे. सहाव्याच्या घडीवरची ओळ लागत नाही. तिथे शाईच उरलेली नाही.

---

आकाशदर्शी

त्या ओळीसाठी कागदाच्या एका बाजूने, जवळजवळ जमिनीलगत टॉर्च धरून फोटो काढून बघा. लेखणीच्या टोकाने कागदावर उठलेला दाब सावलीने दिसू शकतो. मोड 12 चा ठेवा, टॉर्चचा उजेड पुरणार नाही.

आणि अनामिका ताई, दोन्ही आकारांची रॉ देणारा एक फोन मित्राकडे आहे. अमावस्येच्या सुमारास काळ्या फ्रेम घेऊन आकडे टाकतो.